वेळ सोडायची परवानगी

आमच्या अंधेरीच्या कॉलेजात प्रोजेक्टसाठी गाइडला भेटायचं म्हणजे स्टाफरूमच्या दाराशी ताटकळायचं, अशी पद्धत होती. त्यावर एका तरुण सहकाऱ्याने मला बुकिंगचं पान करून दिलं. मुलांनी मोकळी वेळ निवडायची. जमत नसेल तर मेलमधल्या 'वेळ बदला' या लिंकवर जायचं, म्हणजे जुनी वेळ आपोआप दुसऱ्याला दिसते. झकास काम झालं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

महिन्याभरात दाराशी पुन्हा गर्दी. ही मंडळी वेळ बदलू का, हे विचारायला आलेली असत. मॅडमनी दिलेली वेळ परस्पर कशी बदलायची? घरचे संस्कार चांगले होते, त्याला मी काय करणार.

ज्यांना विचारायचीही भीती वाटे, ते वेळ धरून ठेवत आणि येतच नसत. मी रिकाम्या खुर्चीसमोर चहा पीत बसे.

प्रोजेक्टच्या आराखड्यावर गाइडची सही घेऊन तो ऑफिसात द्यायची मुदत संपत होती, त्या दुपारीही तसंच झालं, वेळ घेतलेला मुलगा आलाच नाही. सही नाही तर प्रोजेक्ट नाही, म्हणजे वर्ष गेलं. पाण्याची बाटली भरायला मी दार उघडलं, तर बाकावर मढची एक मुलगी फाइल मांडीवर घेऊन बसलेली. आई मासे विकते, सकाळी तिला मदत करून ही होडीने वर्सोव्याला उतरायची आणि बसने कॉलेज गाठायची. पानावर नव्या वेळा सकाळीच खुल्या होत, त्या तोवर संपलेल्या असत. तिला मिळाली होती ती थेट पुढच्या आठवड्यातली, म्हणजे मुदतीनंतरची.

मी तिला आत ये म्हटलं. ती उठली नाही.

"माझी वेळ नाहीये मॅडम. त्याची आहे."

"मग तो कुठाय?"

"खाली कँटीनमध्ये. त्याचं लिहून झालं नाही. तुम्हाला न विचारता वेळ कशी सोडायची, म्हणतो."

"आणि विचारायला?"

"घाबरतो."

म्हणजे तो खाली, ती बाहेर, मी आत, आणि पान म्हणत होतं की सगळं भरलंय. मला राग आला. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून तिला हाताला धरून आत आणलं. आराखडा नीट होता. दोन जागी दुरुस्ती सांगितली, ती तिने तिथेच केली, मी सही केली. ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून ती जवळजवळ पळतच गेली.

तिच्यामागोमाग मी कँटीनमध्ये जाऊन त्या मुलालाही वर आणलं आणि समोर बसवून लिहायला लावलं. तो लिहीत असताना मेल आला. पुढच्या आठवड्यातली एक भेट रद्द झाली होती. त्या वर्षी विद्यार्थ्याने स्वतःहून सोडलेली ही पहिली वेळ. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'काम झालं. आता ही दुसऱ्या कोणाला तरी मिळू दे.'

मला फार बरं वाटलं. तो मेल मी त्या मुलासमोर धरला. त्याने वाचलं आणि विचारलं, "मॅडम, मी घेऊ का ती?"