आईला मारलं ते पहिल्याच भागात

नव्वदचं दशक संपता संपता आमच्या नाशिकच्या केबलवर एक मालिका लागायची. ती मी लिहायचे, आणि तिच्यातल्या फूलशेतीवाल्या घरातली आई व्हायची माझीच आई. शाळेतून निवृत्त झालेली बाई बघता बघता अख्ख्या पंचवटीची झाली. मेथीची एक जुडी आणायला तिला अर्धा तास लागायचा, आणि तो ती मुद्दाम लावायची.

पहिल्या पर्वाचा शेवट मी मोठ्या ऐटीत केला. त्र्यंबकच्या रस्त्यावर मायलेकांचा फुलांचा टेम्पो दरीत जातो आणि पडदा काळा. कोण वाचलं, ते मलाही ठाऊक नव्हतं. असा शेवट लिहिणं सोपं असतं, निस्तरणं पुढच्या पर्वात असतं. केबलवाले म्हणाले, टेम्पो झाडाला अडकला म्हणा, दोघंही वाचवा. मी आनंदाने तसं लिहिलं, कारण आई मेली तर तिचं काम जाणार होतं.

आईने पानं वाचली आणि परत दिली.

"मला वाचवलंस तर पुढे कुणाच्याही जिवावर बेतलं तरी लोक चहा टाकायला उठतील. इथे कुणी मरत नाही, हे त्यांना कळेल."

"मग तू काय करशील?"

"मरेन. पण पहिल्याच भागात. ताटकळत ठेवलंस तर शिव्या खाशील."

मला रडू आलं. तिलाही वाईट वाटत होतं, पण ती पहिल्या पर्वाची कॅसेट लावून बसली. आधी दाखवलंय त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, म्हणाली. टेम्पोचं मुलाच्या बाजूचं दार नीट लागत नाही आणि आई त्यावरून त्याला रागावते, हे मी गंमत म्हणून लिहिलं होतं. त्याच दारातून तो बाहेर फेकला गेला. आई आतच राहिली.

दुसऱ्या पर्वाचं पहिलं दृश्यही तिनेच सुचवलं. संवाद नको, मुलगा मुंडण करून अंगणात बसलेला दाखव. मुलाचं काम करणाऱ्याचं नाशिकच्याच द्वारका चौकात दुकान होतं. भाग लागेपर्यंत तो बिचारा भर उन्हाळ्यात कानटोपी घालून गल्ल्यावर बसला.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर बाजारात गेले. फुलवालीने तिच्या हातात गजरा ठेवला. "लय रडवलं बाई तुम्ही. पण फसवलं नाय."

त्या पर्वाच्या शेवटी तो मुलगा पुरात उतरला आणि पडदा काळा झाला. आम्ही दोघी घरी बघत होतो. एरवी मालिका संपली की गल्लीत भांडी वाजायची, दारं उघडायची. त्या संध्याकाळी कुठेच काही हललं नाही.

"बघ, घाबरलेत," आई म्हणाली, आणि स्वतःच्या मरणाचं एवढं कौतुक मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.