आईची पाटली

साखरपुड्यात सासरच्यांनी मला घातलेली अंगठी गुलाबी निघाली आणि आईची झोप उडाली. "यात निरं तांबंच दिसून राह्यलं," म्हणत ती अंगठी सारखी आपल्या पिवळ्याधमक पाटलीला लावून बघायची. तिसऱ्या दिवशी मीच वैतागले आणि तिला तेल्हाऱ्याहून अकोल्याच्या सराफाकडे घेऊन गेले.

सराफाने अंगठी सोन्याचा टंच मोजायच्या मशीनमध्ये ठेवली. अठरा कॅरेट. मग त्याने तेवढ्याच कॅरेटच्या दोन अंगठ्या शेजारी मांडल्या, एक पांढरी, एक पिवळी.

"काकू, तिन्हींत चारातले तीन भाग सोनंच हाये. उरलेल्यात तांबं जास्त असलं का गुलाबी, पॅलेडियम असलं का पांढरं, अन् त्यावर रोडियमचं पाणी. चांदी-तांबं मिळून टाकलं का पिवळं. पिवळं तर चौदा कॅरेटचंही दिसते. नुसत्या रंगावरून टंच नाही समजत."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण आई मशीनकडेच बघत होती. स्वतःच्या लग्नातल्या त्या पाटलीवरून तिने आजवर साऱ्या गावाचं सोनं पारखलं होतं.

"पाटलीही पाहून देऊ का?" सराफाने विचारलं.

आईने हात पदराखाली घेतला. "नको. चाल व बाई, बस निघून जाईल."

बसला अजून तास होता.