पोस्टात टाकलेले पेपर

पोस्टडॉकच्या अर्जासाठी बसने उधन्याला जाऊन टाईप करून घेतलेला माझा बायोडेटा कापडाच्या ताग्याएवढा लांब होता. प्रकाशनं चक्क नऊ! पीएचडीच्या आमच्या मराठीभाषक गाइडसरांनी लाल पेन काढलं.

"हे चार 'कम्युनिकेटेड' म्हणजे?"

"जर्नलला पाठवलेत, सर."

"म्हणजे पोस्टात टाकलेत. त्यांना वेगळा मथळा दे. ही दोन परिषदेतली भाषणं, तीही वेगळी. छापलेले तीन, नवा वर, जुना खाली. फेलोशिप अनुदानात, प्रॅक्टिकल शिकवलीस ती अध्यापनात."

ताग्याचा हातरुमाल झाला. मी चिडलो, "एवढ्यावर कोण घेईल मला?"

"नऊ लिही. शिफारसपत्रात मी तीनच लिहीन. मग खोटा कोण ठरेल रे?"

दातओठ खात मी पुन्हा उधन्याची बस पकडली.