काढून टाकलेलं परिशिष्ट

मध्यस्थाने पक्षकारांची नावं सांगायची नसतात. मीही सांगत नाही. पण या नियमाआड मी बरीच वर्षं लपलो, ते आता पुरे.

पंप बनवणारा साताऱ्याचा, फाउंड्रीवाला पलूसचा. पंपाचे भाग ज्यांवरून ओततात ते लाकडी पॅटर्न फाउंड्रीत पडून होते. काही फाउंड्रीवाल्याने दुरुस्त करून बदलले होते. ते आपलेच, असं तो म्हणे. दाव्याआधीच्या मध्यस्थीसाठी दोघे सांगलीत माझ्यापुढे आले. अशा मध्यस्थीत सह्या झालेली तडजोड लवादाच्या निवाड्याइतकी पक्की असते. कोर्टातून हुकूमनाम्यासारखी तिची अंमलबजावणी करून घेता येते.

दुपार ढळेपर्यंत दोघे एकमेकांच्या ताटातलं खाण्याइतके मऊ झाले.

पंपवाल्याच्या वकीलबाईंनी मसुदा काढला. प्रत्येक पॅटर्नवरची खूण, फोटो, बदललेले कोणते, ते कोणाचे, कुठे आणि कधी सुपूर्द करायचे, न दिल्यास काय, हे सगळं परिशिष्टात होतं.

फाउंड्रीवाला हसला. "आवं बाई, आमी काय पळून चाललोय व्हय? न दिल्यास म्हणं!"

"लय जुनी वळख हाय आमची," पंपवालाही म्हणाला. "राहू द्या ते."

"सर, हे काढलं तर अंमलबजावणी कशाची करायची?" बाईंनी मला विचारलं.

मी थकलो होतो. जमलेली समजूत कागदापायी मोडेल, अशी धास्ती वाटली. म्हटलं, "बाई, मनं जुळलीत. 'पंप कंपनीचे पॅटर्न समजुतीने परत द्यावेत' एवढं पुरे." पंपवाल्याने मान डोलावली. बाईंनी परिशिष्ट फायलीत परत ठेवलं. दोन्ही पक्षांच्या आणि माझ्या सह्या झाल्या.

फाउंड्रीवाल्याने न बदललेले पॅटर्न दिले. बाकीचे ठेवून घेतले. पंपवाल्याच्या अंमलबजावणीच्या अर्जावर न्यायाधीशांनी विचारलं, नेमके कोणते द्यायचे ते यात कुठे आहे? तडजोडीत नाही ते हे कोर्ट भरू शकत नाही, म्हणून अर्ज फेटाळला.

पंपवाल्याने नवे पॅटर्न करून घेतले आणि बाईंकडची सगळी कामं काढून घेतली. "साधा मसुदा करता येईना," असं वकिलांच्या बाररूममध्ये माझ्यासमोर बोललं गेलं. मी चहा पीत बसलो. मध्यस्थीतलं गोपनीय असतं, हे कारण मला सोयीचं होतं.

परवा साताऱ्यात बाईंच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, की हे मी लिहिणार आहे.

त्या एक मसुदा तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिहा सर. ती कामं काही परत यायची नाहीत."

मग शेवटची पानं माझ्याकडे सरकवली. दुसऱ्याच कोणाची तडजोड होती. खाली परिशिष्ट जोडलेलं, प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांच्या सह्यांसाठी जागा सोडलेली.

"यातलं काढायला सांगणार असाल, तर आत्ताच सांगा."