चाळणीतून गेलेला पेपर

विद्यापीठातल्या विभागात तिला सगळे 'चाळणी' म्हणत. वीस वर्षं ती वैद्यकीय नियतकालिकांकडे छापण्यासाठी आलेले संशोधनाचे पेपर फुकट तपासत होती आणि वाक्यावाक्याचा कीस पाडत होती.

सकाळी संपादकांची मेल आली. विसराळूपणावरच्या गोळीचा, तिनेच तपासलेला पेपर मागे घेतला होता. लिहिणाऱ्यांनी तक्त्यात रुग्णांचे क्रमांक ओळीने लावले, पण शेजारचे स्मरणचाचणीचे गुण जागीच राहिले. एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यात गेले होते. तिने तेव्हा अकरा शंका काढल्या होत्या आणि अकराही उत्तरं चोख आली होती. मूळ तक्ता तिने मागितला नव्हता. तो कोणीच मागत नसे.

दुपारी, पेपर मागे घेतल्याची बातमी वाचून धाकट्या बहिणीचा फोन आला. आईला ती हीच गोळी देत होती.

"तज्ज्ञांनी तपासलंय म्हणून तर सुरू केली. त्यांनी काय झोपा काढल्या?"

तपासणाऱ्याचं नाव गुप्त असतं, त्यामुळे तो पेपर तिनेच तपासला होता हे घरी कोणाला ठाऊक नव्हतं.

"लिहिलेलं पटतं का, एवढंच ते बघतात," ती म्हणाली. "खरं आहे का, ते दुसऱ्या कोणी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर कळतं."

"मग तपासलं म्हणायचं कशाला?"

तेवढ्यात पलीकडून आईचा आवाज आला, "कोण बोलतंय गं?"

"ताई आहे, आई."

"कुठली ताई?"

फोन ठेवून तिने पुढचा पेपर उघडला आणि पहिली शंका लिहिली: मूळ तक्ता पाठवावा.