मंगळवार-शुक्रवारचं लोखंड

वीस वर्षं योगासनं केलेला मी, सेलूच्या शाळेत पोरांना तीच शिकवणारा. आणि आईला खाटेवरून उचलायला गेलो तर तिच्यासकट मटकन खाली बसलो. बायको त्या दिवशी माहेरी गेली होती. अर्धं अंग लुळं पडलेल्या आईचं सगळं एरवी तीच करायची. आई जमिनीवरूनच हसली. "काऊन रे बाबू, डोक्यावर उभा राह्यतं अन् मले उचलता येत नाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिंदीच्या तालमीत एक वस्ताद होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्या हातात वजन देऊन एकेका पायानं ओटा चढायला लावला. माझी कंबर एका अंगाला कलली. "गुरुजी, वाकता झकास, पण वजनासंगं उठता येत नाई तुमाले. अन् हातानं आजवर आपलंच अंग ढकललं. त्याहून जास्तीचं वजन कुठं पेललं?"

चिडलो मी. लोखंडानं अंग आखडतं, असं वर्गात मीच तर ठासून सांगायचो! पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. आसनं सोडू नका, वस्ताद म्हणाले. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी लोखंड, आणि त्या दिवशी पाय फार ताणायचे नाहीत. फळीवर उताणं पडून डंबेल्स वर ढकलायचे, मग उभ्यानं डोक्यावर न्यायचे. पाठ सरळ ठेवून, कुल्ले मागे नेत, जमिनीवरचा, लोखंडी चकत्या लावलेला दांडा उचलायचा. आधीचं वजन सोपं झालं तरच चकती वाढवायची.

सकाळच्या एसटीनं जायचो. आईचं अंग पुसायची, कपडे बदलायची, घसरली असेल तर उशीकडे वर सरकवायची वेळही तीच. म्हणजे मी आईला उचलायला शिकत होतो, आणि तेवढ्यात बायको घरी एकटीच तिला उचलत होती. परत आलो की ती कंबरेवर हात ठेवून चहा टाकायची.

"मंग, कधी उचलता?"

"वस्ताद म्हणतात, घाई नको."

हे सांगताना लाज वाटायची. बरं, चकती वाढली की मनात लाडू फुटायचे, आणि त्याचीच जास्त लाज वाटायची.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी बायकोला म्हटलं, "सरक, आज मी." खाटेला चिकटून गुडघे वाकवले, आईचा धड हात गळ्यात घेतला आणि उठलो. कसं सहज! "पाह्य, आई!" मी ओरडलोच.

आई कानाशी हळूच म्हणाली, "तुई ताकद वाढली बाबू, का मीच उरली नाई?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. ती रोज उचलत होती, तिला ते कधीचंच कळलं होतं. खुर्ची समोरच होती, पण आईला खाली ठेवायला माझे हात तयार होईनात.