टायरची आतली बाजू

लढाईचे दिवस होते, नवे टायर कुठेच मिळत नव्हते. पुसदला आजी, म्हणजे आईची आई, शेवटच्या दुखण्यात होती. आम्ही सगळे जानेफळहून आमच्या जुन्या मोटारीनं निघणार होतो. आईनं दशम्यासुद्धा बांधल्या होत्या बघा.

मी बारा वर्षांची. सकाळीच बाबा म्हणाले, "चाल, टायर पाहू. आता थंडे आहेत, तवाच हवा खरी समजते. चालून तापले की जास्त दाखोते."

हवा मोजली, बरोबर होती. एका टायरात बाभळीचा काटा दिसला, तो मी ओढायला गेले.

"थांब व बाई! उपसला अन् हवा गेली त? आधी थुंकी लाव, बुडबुडा येते का पाह्य."

बुडबुडा आला नाही. मी उठले.

"बाहेरून त सारेच पाह्यतात. मोटारीखालून आतल्या अंगाले हात फिरव."

मागच्या टायरला आतून बोराएवढा फुगवटा हाताला लागला. वाटलं, बोलूच नये. पण बोलले.

बाबांनी चाचपलं. "आतले धागे तुटले. रस्त्यात फुटीन." जादा चाकाचं तर रबर झिजून कापड उघडं पडलं होतं.

आई दारातून म्हणाली, "हळूहळू नाही का जाता येत?"

"लेकरं घेऊन? नाही."

आई त्याच दुपारी काकासोबत बैलगाडीनं निघाली. चार दिवसांनी पोचली, तेव्हा आजीची राखही सावडून झाली होती.

आईनं मला कधी बोल लावला नाही. पण मोटारीत ती पुन्हा बसली नाही.